ताळा जुळला म्हणून

"मॅडम, कमीत कमी किती चुका पाहिजेत?"

पहिल्या बाकावरच्या मुलानं हे विचारलं तेव्हा मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. दुपारचा तास, वर पत्रा, पंखा फिरतोय पण वारा कुणाला लागत नाही, आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी आलेलं असल्यामुळे मी पहाटेपासून बादल्या, टाक्या, पिंपं भरून आलेली. हात खांद्यापासून दुखत होते. मी म्हणाले, "जेवढ्या केल्यास तेवढ्या लिही." तो गोंधळून शेजाऱ्याकडे बघायला लागला. हे उत्तर त्याच्या कामाचं नव्हतं.

सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनात मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दर वर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, आणि ये रे माझ्या मागल्या. ज्यांचा कायमचा हक्क आहे ते सर चांगले तास निवडतात आणि उरलेले आमच्या वाट्याला येतात. मला आला होता राहिलेल्यांचा तास. पहिल्या वर्षाचा मेकॅनिक्स हा विषय ज्यांचा सुटलेला नाही, अशी दुसऱ्या वर्षातली मुलं. त्यांना त्यांचं दुसऱ्या वर्षाचं शिकून झालं की दुपारी माझ्याकडे पाठवायचं, असं ठरलेलं. तोवर ती अर्धी झोपलेली असत आणि मी पाऊण.

पहिल्याच दिवशी मी त्यांना जुन्या ट्युटोरियलच्या फायली आणायला सांगितल्या होत्या. आणल्या सगळ्यांनी. आणि काय फायली! तांबडे समास, निळी शीर्षकं, प्रत्येक आकृती पट्टीनं काढलेली, प्रत्येक गणिताखाली उत्तर चौकोनात, आणि चौकोनाशेजारी तपासणाऱ्याची बरोबरची खूण. एकाही फायलीत एकही चूक नव्हती. जिथं होती तिथं व्हाइटनरचा पांढरा डाग होता, आणि त्यावर बरोबर उत्तर. फाइल पूर्ण आणि विषय नापास, असा हा वर्ग होता. कारण गणितं फळ्यावरून उतरवलेली, नाहीतर मित्राच्या फायलीवरून, नाहीतर स्वतः करून मग मित्राच्या फायलीवरून सुधारलेली. चूक कुठं झाली होती ते फक्त त्या पांढऱ्या डागाला माहीत.

म्हणून मी त्यांना एक काम दिलं होतं. ट्युटोरियलमधलं सोडवलेलं गणित घ्यायचं, उत्तरावर कोरा कागद ठेवायचा, आणि ते पुन्हा पेननं सोडवायचं. खोडायचं नाही. मग कागद काढून ओळीला ओळ लावून बघायची. जी पहिली ओळ वेगळी निघेल तिथं थांबायचं. त्याच्यापुढच्या ओळी चुकलेल्याच असणार, त्यांचा त्रास घ्यायचा नाही. त्या पहिल्या ओळीची नोंद वहीत करायची: चूक कोणत्या प्रकारची, म्हणजे चिन्हाची, अंतराची, एककाची, आकडेमोडीची की मुळातच कल्पना कळली नव्हती, ती का झाली, आणि बरोबर रीत काय. आठवडा गेला की तेच गणित परत.

साधी गोष्ट होती. पण या मुलांना जन्मभर एकच शिकवलंय, की चूक ही लपवायची वस्तू आहे. आता मी म्हणत होते की ती ओळीत मांडून दाखवा. हात दाखवून अवलक्षण कोण करणार?

पहिल्या वह्या आल्या त्या मी घरी नेल्या आणि भाकरी थापता थापता ओट्यावर उघडून बघितल्या. चारपाच वह्यांनंतर मला शंका आली. सगळ्यांनी तिसऱ्या गणितात तीच चूक केली होती. त्याच ओळीत. त्याच शब्दांत. शेंगांची चटणी बाजूला सारून मी सगळ्या वह्या जमिनीवर पसरल्या, तर एकाच कुणाच्या तरी चुका अख्ख्या वर्गानं उतरवल्या होत्या. चुकासुद्धा कॉपी! एकानं तर "मुलगी असल्यामुळे घाबरून चिन्ह चुकले" हेही जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि तो मिशा ठेवणारा धट्टाकट्टा गडी होता. आणखी एकानं सगळ्या रकान्यांत मिळून एकच शब्द लिहिला होता: निरंक. त्याचे वडील तहसील कचेरीत असावेत.

मी तव्यावरची भाकरी करपवली आणि त्या भाकरीवरच राग काढला.

घाबरून चिन्ह चुकणारी ती मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. सांगोल्याकडची. घरी मेंढरं, थोडं डाळिंब. ती वसतिगृहात राहायची आणि वर्गात कधी बोलायची नाही, पण जे काय करायची ते स्वतः करायची, हे त्या वह्यांवरून कळलं. दुसऱ्या दिवशी मी तिला थांबवून घेतलं.

"तुझी वही सगळ्यांनी उतरवली, माहीत आहे?"

"व्हय. मागत्यात, मग द्यावी लागती की."

"आणि तुझा विषय कितव्यांदा राहिलाय?"

मग तिनंच सगळं सांगितलं, एका दमात, तोंडपाठ केल्यासारखं. हा विषय आता सुटला नाही तर तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. वर्षभर घरी बसायचं. वसतिगृहाची जागा जाते. तिचे वडील चांगले माणूस, रागवायचे नाहीत, पण त्यांनी सरळ सांगून ठेवलं होतं की एकदा घरी आलीस की परत जाणं व्हायचं नाही. मेंढरांमागं माणूस कमी आहे, आणि घरात असलेल्या माणसाला कामातून सोडवणं कुणाला जमत नाही.

"मेंढ्या राखायची लाज न्हाय वाटत मला, मॅडम," ती म्हणाली. "पर ते मला येतंयच की आदीच. नवीन काय शिकणार तितं?"

मला ती त्या क्षणी फार आवडली, हे सांगून टाकते. आणि तितकंच ओझंही वाटलं. कुणाचं तरी वर्ष आपल्या दुपारच्या मरगळलेल्या तासाला टांगलेलं आहे हे कळलं की तो तास जड होतो.

मी तिची वही घेऊन बसले. तिच्या गणितांत चुकांचा प्रकार जवळजवळ नेहमी एकच होता: चिन्ह. आणि कारण, ते एक घाबरणं सोडलं तर: निष्काळजीपणा. पान उलटलं, निष्काळजीपणा. पुढचं पान, निष्काळजीपणामुळे. मी तो शब्द प्रत्येक ठिकाणी खोडला आणि शेजारी लिहिलं: "का?"

"निष्काळजीपणा हे कारण नाही," मी म्हणाले. "ती स्वतःला दिलेली शिवी आहे. शिवी दिली की माणसाला बरं वाटतं आणि पुढच्या वेळी तो तेच करतो. आजपासून हा शब्द बंद."

पुढच्या वेळी तिनं लिहून आणलं: घाई. मी तेही खोडलं. त्याच्या पुढच्या वेळी: लक्ष नव्हते. खोडलं. तिचा चेहरा हळूहळू फुगत चालला होता. माझ्यावर चिडली होती ती, आणि मला ते दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माझाही धीर सुटत चालला होता. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी घरी मोठ्यानं म्हणालेही. विभागप्रमुखांनी तोवर दोनदा विचारलं होतं की तुमच्या त्या चुकांच्या वह्या तपासणीला येणाऱ्या समितीला दाखवता येतील का, येतील तर जरा खाडाखोड काढून फेअर करून घ्या. चुकांची वही, खाडाखोड काढून. मी "बघते सर" म्हणाले. भांडायला अंगात त्राण लागतं.

आणि मग एका दुपारी तिनं वही पुढं केली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ताळा जुळला होता म्हणून शंका आली नाही.

मला आधी वाटलं की ही आता चेष्टा करते आहे. उत्तर चूक आणि ताळा बरोबर, हे कसं शक्य आहे?

"ताळा चुकीचा केला असशील."

"न्हाय मॅडम. बगा की तुमी."

गणित साधं होतं. एक आडवा बीम, दोन आधारांवर ठेवलेला. डावा आधार अ, उजवा ब, मध्ये चार मीटर अंतर. पण बीम अ च्या डावीकडे आणखी एक मीटर बाहेर आलेला, सज्जासारखा. त्या बाहेरच्या टोकावर दहा किलोन्यूटनचा भार, आणि दोन आधारांच्या बरोबर मध्ये वीसचा. प्रत्येक आधार किती भार उचलतो ते काढायचं.

रीत अशी, की अ वर बोट ठेवायचं आणि प्रत्येक भार बीमला त्या बोटाभोवती कुठल्या बाजूला फिरवू बघतो ते बघायचं. मधला वीसचा भार अ च्या उजवीकडे आहे, तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरवतो. बाहेरचा दहाचा डावीकडे आहे, तो उलटा. भार गुणिले अंतर केलं की वीस दुणे चाळीस आणि दहा एके दहा, म्हणजे चाळिसातून दहा वजा करायचे. तीस भागिले चार, ब वर साडेसात. तिनं वजा न करता मिळवले होते. पन्नास भागिले चार, ब वर साडेबारा. इथं पहिली ओळ वेगळी निघत होती.

मग तिनं एकूण तिसातून साडेबारा वजा करून अ वर साडेसतरा काढले, आणि खाली लिहिलं: ताळा, साडेसतरा अधिक साडेबारा बरोबर तीस. जुळला. आणि पुढं छोटीशी खूण.

मी त्या ओळीकडे बघत राहिले. जुळणारच होता! तिसातूनच वजा करून काढलेला आकडा परत मिळवला तर तीस येणारच. ब वर साडेबारा असो, साडेसात असो, नाहीतर शंभर असो, तो ताळा कधीच चुकला नसता. ती प्रत्येक गणितानंतर इमानेइतबारे ताळा करत होती आणि तो ताळा प्रत्येक वेळी तिला सांगत होता, जा पोरी, सगळं ठीक आहे.

"हा ताळा तुला कुणी शिकवला?"

तिनं फाइल उघडून छापील ट्युटोरियलचा कागद पुढं केला. सोडवलेल्या नमुना गणिताखाली तीच ओळ होती. ताळा: दोन्ही मिळून एकूण भार. वर्षानुवर्षं हाच कागद झेरॉक्स होत आला होता. त्यावरून झालेल्या प्रत्येक फायलीतल्या त्या ओळीला आमच्याकडून बरोबरची खूण मिळाली होती. मला एकदम इतका राग आला की तो नेमका कुणावर काढायचा तेच कळेना. शेवटी मी पंखा बंद करून पुन्हा चालू केला.

"आणि चिन्ह का चुकलं?" मी विचारलं. "ताळ्यानं चूक लपवली, ते कळलं. पण ती झाली कशी?"

तिनं आता विचार केला. खरंच केला, मला दिसत होता. फाइल पुढंमागं चाळली. "मॅडम, ह्यातल्या सगळ्या गणितांत अ डाव्या टोकालाच हाय. त्याच्या डावीकडं कायच न्हाय. म्हणून खाली दाबणारा भार म्हटला की घड्याळासारखा, असंच डोक्यात बसलंय माज्या."

"हे लिही."

"कारणात?"

"कारणात. शब्दन् शब्द."

तिनं लिहिलं. मग 'बरोबर रीत' हा रकाना आम्ही दोघींनी मिळून भरला. दिशा पाठ करायची नाही. प्रत्येक भारासाठी पेन्सिलचं टोक आधारावर ठेवून आकृती फिरवून बघायची. आणि ताळा दुसऱ्या आधाराकडून करायचा. ब वर बोट ठेवून सगळं परत मोजायचं, पहिल्या बाजूचं काही न वापरता. तिच्या चुकीच्या उत्तरावर करून बघितलं. अ चे साडेसतरा गुणिले चार, सत्तर. आणि भारांचे, वीस गुणिले दोन चाळीस, दहा गुणिले पाच पन्नास, मिळून नव्वद. सत्तर आणि नव्वद. तिनं तोंडावर हात ठेवला.

"टेम्पोसारखं हाय की हे," ती जरा वेळानं म्हणाली. "डाळिंबाचे क्रेट पार मागच्या फळीवर आले की पुढची चाकं हलकी पडत्यात. डायव्हर वरडतो." आणि मग स्वतःशीच, "म्हंजी ब वर भार कमीच व्हायला पायजे हुता. वाढला कसा म्हणून इचारायला पायजे हुतं मी."

तिथून पुढं तिच्या वहीत निष्काळजीपणा आला नाही. पण चुका आल्या, भरपूर. मी खोटं कशाला सांगू, कळलं म्हणजे सुटलं असं काही झालं नाही. आठवड्यानं तेच गणित परत केलं तर परत मिळवले, वजा करायचे ते. तिनं पुन्हा नोंद केली, त्याच कारणाखाली, आणि पुढं लिहिलं: पेन्सिल ठेवलीच नाही. त्या दिवशी ती बाकावर डोकं ठेवून रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले. मलाही जरा टेकायचं होतं.

बाकीच्या वर्गाला मी तो छापील कागद फाडून टाकायला सांगितला. त्यांना ते फार आवडलं. नवा ताळा मात्र दोघातिघांनीच धरला. बाकीच्यांचं म्हणणं, तो लांबलचक आहे आणि कधी कधी जुळत नाही. विभागप्रमुखांना मी सांगितलं की वह्या फेअर होणार नाहीत, दाखवायच्या तर अशाच दाखवा. ते म्हणाले, मग राहू द्या. राहिल्या.

परीक्षेच्या दिवशी माझी देखरेख दुसऱ्या इमारतीत होती. पेपर सुटल्यावर मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले, उगीचच, बाटली भरायचं निमित्त करून. ती लांबून येताना दिसली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"आलं होतं का बीमचं?"

"आलंवतं. डावीकडनं भायेर काढलेलं."

"मग?"

"मॅडम, ताळा जुळला न्हाय."

इतके दिवस, इतक्या दुपारी, आणि नेमकं तिथंच. पहिला विचार मनात आला तो तिच्या वडिलांचा. दुसरा असा की आता हिला काय म्हणून समजावू. बाटली भरून वाहायला लागली होती, मी तोटी बंद केली.

"मग काय केलंस?"

"आदी लई बरं वाटलं," ती म्हणाली.

"बरं वाटलं?"

"म्हंजी, कुटंतरी चुकलंय ते कळलं की. आजपातूर कळायचंच न्हाय. सगळं जुळायचं आन् घरी गेल्यावर नापास." ती बोलता बोलता हवेतच बोटानं बीम काढत होती. "चिन्ह बघितलं, बरोबर हुतं. पेन्सिल ठेवलीवती ह्या वेळेला. मग अंतरं बघितली. त्यो पसरलेला भार हुता ना, त्याचा मध्य मी त्याच्याच टोकापासनं मोजलावता, अ पासनं न्हाय. खोडलं, परत केलं. मग जुळला दोन्हीकडनं."

"वेळ पुरला?"

"एक गणित ऱ्हायलं. थेअरीतलं बी थोडं. बगू."

ती वसतिगृहाकडे गेली. मी पाणी प्यायले, आणि मला इतकं थकल्यासारखं वाटलं की तिथंच टाकीच्या कट्ट्यावर बसून घेतलं.

सुट्टीत ती गावी गेली आणि मी पुढच्या वर्षाच्या अर्जाला लागले. निकाल लागायचा त्या दिवशी पुन्हा पाण्याचा दिवस होता. मी पिंपाशी पाइप धरून उभी असताना फोन वाजला. मागं मेंढरांचा आवाज येत होता आणि वारा. त्यातून ती काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल गं!"

"सुटला, मॅडम! मेकॅनिक्स सुटला!"

"नीट बघितलंस का? तुझाच नंबर होता?"

"व्हय. आदी माज्या मोबाइलवर बघितला," ती म्हणाली. "मग मैत्रिणीला सोलापुरात फोन केला. माजा आकडा न सांगता तिला बघाया लावला. दोन्हीकडनं तेवढेच मार्क हायेत."

मी काहीतरी शाब्बास वगैरे म्हणाले आणि फोन ठेवला. मग रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं. पिंप भरून पाणी अंगणात वाहायला लागलं होतं, आणि शेजारीण भिंतीवरून ओरडत होती, अहो, पाणी वाया चाललंय.